पे बाय बँक : दुकानातून बँकेच्या ॲपमध्ये आणि परत. पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

ऑनलाइन दुकानात पैसे भरताना कार्डाऐवजी ‘पे बाय बँक’ निवडले की फोनवर थेट तुमच्या बँकेचे ॲप उघडते, तिथे तुम्ही मंजुरी देता आणि पुन्हा दुकानाच्या पानावर येता. ही सोय युरोप आणि ब्रिटनमध्ये ओपन बँकिंगच्या, म्हणजे ग्राहकाच्या संमतीने परवानाधारक कंपन्यांना बँक खात्याशी जोडू देणाऱ्या, नियमांवर उभी आहे, म्हणून इथली माहितीही तिथल्या पद्धतीची आहे.

पात्रता

खाते ऑनलाइन चालणारे हवे आणि बँकेचे ॲप त्याच फोनवर नोंदलेले असावे. ॲप नसेल तर बहुधा बँकेच्या वेबसाइटवर लॉगिन करून काम होते. संगणकावर खरेदी करत असाल तर अनेकदा क्यूआर कोड दिसतो. तो फोनने स्कॅन करून पुढचे काम ॲपमध्ये करायचे. अडचण येते ती दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्यांची. तुमची मंजुरी पडली तरी दुसऱ्याची येईपर्यंत पैसे हलत नाहीत.

कागदपत्रे

ग्राहकाला एकही कागद द्यावा लागत नाही. बँकेने तुमची ओळख आधीच पटवलेली असते. काही ठिकाणी खाते क्रमांक विचारतात, काही ठिकाणी खाते बँकेच्या ॲपमध्येच निवडता येते. बँकेचा पासवर्ड किंवा पिन मात्र दुकानाच्या पानावर कधीच टाकायचा नाही. तो मागितला गेला तर पान बंद करा.

प्रक्रिया

समजा, तुमच्या ऑर्डरचा क्रमांक 4471 आहे. दुकान आणि बँक यांच्यामध्ये एक परवानाधारक पेमेंट कंपनी असते. रक्कम, पैसे कोणाला जायचे ते नाव आणि ऑर्डरची खूण ती आधीच बँकेकडे पाठवते आणि मग तुम्हाला ॲपकडे वळवते. ॲपमध्ये तीच रक्कम आणि तेच नाव दिसले पाहिजे. ते नाव दुकानाच्या नावापेक्षा वेगळे असू शकते, पण रक्कम वेगळी असेल तर मंजुरी देऊ नका. बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन देऊन तुम्ही मान्यता देता आणि बँक तुम्हाला परत पाठवते ती पेमेंट कंपनीने पूर्वीच नोंदवून ठेवलेल्या पत्त्यावर. सोबत एक कोड आणि `state` नावाची खूण असते:

```
code=…&state=ord4471
```

खरी `state` इतकी सोपी नसते, अंदाज बांधता येणार नाही अशी असते. तिच्यावरूनच परत आलेला माणूस कोणत्या ऑर्डरचा हे कळते.

आता ज्यावर बहुतेक गोंधळ होतो ते. ब्रिटनच्या मानकात ॲपमधली मंजुरी ही फक्त परवानगी असते. पेमेंट कंपनी परत आलेला कोड देऊन बँकेकडून टोकन, म्हणजे तात्पुरती डिजिटल किल्ली, घेते आणि त्या टोकनाने पेमेंटचा आदेश पाठवते, तेव्हा व्यवहार सुरू होतो. तुम्ही मंजुरी देऊन ॲप तिथेच बंद केले, तर कोड पोहोचतच नाही आणि पैसेही जात नाहीत. कोड एकदाच चालतो आणि थोडा वेळच जिवंत असतो. अशी परवानगी कशी द्यायची-घ्यायची हे ठरवणाऱ्या ओऑथच्या नियमावलीत कमाल 10 मिनिटांची शिफारस आहे. युरोपात वापरल्या जाणाऱ्या बर्लिन ग्रुप या गटाने बनवलेल्या मानकात क्रम उलटा आहे. आदेश आधीच बँकेत पोहोचलेला असतो आणि मंजुरीने तो पुढे सरकतो. तिथे तुम्ही परत आला नाहीत तरी पैसे जाऊ शकतात. म्हणून ‘मी परत गेलोच नाही, म्हणजे पैसे कापले नाहीत’ हा हिशेब सगळीकडे लागू पडत नाही.

दुसरी गंमत ब्राउझरची. सोशल मीडियाच्या ॲपमधल्या छोट्या ब्राउझरातून खरेदी सुरू केली, तर परत येताना फोनचा नेहमीचा ब्राउझर उघडतो आणि तिथे तुमची टोपली रिकामी दिसते. ऑर्डर बुडालेली नसते. दुकानाने ती `state` वरून शोधायला हवी, कुकीवर विसंबून नाही. पण सगळी दुकाने ही काळजी घेत नाहीत.

दुकानाच्या बाजूनेही एक नियम पाळायला हवा : ग्राहक परत आला हा पैसे आल्याचा पुरावा नाही. परतीचा पत्ता कोणीही ब्राउझरमध्ये टाईप करू शकतो. माल पाठवण्याआधी पेमेंट कंपनीकडून सर्व्हरवर आलेली स्थिती पाहावी. ‘स्वीकारले, सेटलमेंट सुरू’ आणि ‘सेटलमेंट पूर्ण’ या दोन वेगळ्या स्थिती आहेत. सेटलमेंट म्हणजे पैसे प्रत्यक्ष वळते होणे.

पान अडकले तर

लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी बँकेच्या ॲपमध्ये व्यवहारांची यादी पाहा. नोंद दिसत असेल तर तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक घेऊन दुकानाशी बोला. नोंद नसेल तर थोडे थांबून ती पुन्हा पाहा, दुकानाच्या पानावर ऑर्डरची स्थितीही तपासा, आणि तरीही काही नसेल तरच नवा प्रयत्न करा. कार्डासारखी चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याची, सोय इथे नाही. परतावा हवा असेल तर दुकानाला तो वेगळा व्यवहार म्हणून तुमच्या खात्यात पाठवावा लागतो.