१९ जानेवारी २०३८: सेकंदांच्या मोजणीची पार्श्वभूमी

मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाल्यावर काही संगणकप्रणालींतील घड्याळ पुढच्या सेकंदाकडे न जाता ग्रीनिच वेळेनुसार १३ डिसेंबर १९०१ या तारखेवर जाऊन पडेल. इतक्या नेमक्या क्षणाचे भाकीत करता येते, कारण हा दोष एका आकड्याच्या मर्यादेतून आलेला आहे, आणि ती मर्यादा अर्धशतकापूर्वी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही प्रणाली घडत असताना ठरली.

युनिक्समध्ये वेळ तारीख म्हणून साठवली जात नाही. १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले, एवढा एकच आकडा ठेवला जातो आणि वार, महिना, वर्ष ही माहिती गरजेनुसार त्यातून काढली जाते. हा आकडा बराच काळ ३२ बिटांत ठेवला गेला. त्यांतील एक बिट धन की ऋण हे सांगण्यात खर्ची पडतो, म्हणून मोजणीला ३१ बिट उरतात. त्यांत मावणारा सर्वांत मोठा आकडा २१४,७४,८३,६४७ हा आहे. इतक्या सेकंदांची अडुसष्ट वर्षे आणि वर साधारण अठरा दिवस होतात. आकडा भरल्यावर आणखी एक मिळवला की चिन्हाचा बिट पालटतो आणि सर्वांत मोठ्या धन संख्येची जागा सर्वांत मोठी ऋण संख्या घेते, म्हणजे १९७० पासून अडुसष्ट वर्षे पुढे असलेले घड्याळ तितकेच मागे जाते. लिनक्स यंत्रावर हा शेवटचा क्षण पाहता येतो:

```
$ date -u -d @2147483647
Tue Jan 19 03:14:07 UTC 2038
```

गंमत म्हणजे हीच मर्यादा त्या काळी ऐसपैस वाटावी अशी होती. नोव्हेंबर १९७१ मधील युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत वेळ सेकंदांत नव्हे, तर सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजलेली आहे, आणि मोजणीचा आरंभ १ जानेवारी १९७१ हा आहे. साठावा भाग येण्याचे कारण विजेत आहे: त्या यंत्राचे घड्याळ भिंतीतल्या विजेच्या आवर्तनांवर टिकटिकत असे, आणि अमेरिकेत ती सेकंदाला साठ असतात (आपल्याकडे पन्नास). त्या मापाने ३२ बिट भरायला सव्वादोन वर्षांहून किंचितच अधिक काळ लागतो. लिहिणाऱ्यांना याची पूर्ण जाणीव होती. पुस्तिकेत उणिवांच्या रकान्यात, ही मोजणी जेमतेम अडीच वर्षे पुरेल, अशी मिस्कील नोंदही आहे. पुढे आरंभाची तारीख सरकवून वेळ मारून नेली गेली. अखेर १९७३ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत मोजमाप पूर्ण सेकंदावर आणि आरंभ १९७० वर आला. थोडक्यात, २०३८ ही मुदत निष्काळजीपणाने पडलेली नाही. सव्वादोन वर्षांची तोकडी मुदत वाढवण्यासाठी मोजमाप साठपट मोठे करण्याच्या दुरुस्तीतून ती आली आहे.

बिट ३२ च का, याचे उत्तर युनिक्स तेव्हा ज्यावर चालत असे त्या पीडीपी-११ या यंत्रात आहे. ते एका वेळी १६ बिट हाताळत असे, आणि सुरुवातीच्या सी भाषेत त्याहून मोठ्या पूर्णांकाचा प्रकारच नव्हता. म्हणून वेळ मागणारा प्रोग्रॅम दोन खणांचा एक तक्ता पुढे करत असे आणि प्रणाली त्यात आकड्याचे दोन अर्धे भरून देत असे:

```c
int tvec[2];
time(tvec);
```

आजही सी भाषेत `time()` ला एक पत्ता द्यावा लागतो आणि बहुतेक जण सवयीने `NULL` लिहितात, तो या दोन खणांचाच अवशेष आहे. चिन्हाचा बिट मोजणीसाठी वापरला असता तर मुदत २१०६ पर्यंत गेली असती. पण केवळ धन संख्यांचा प्रकार तेव्हाच्या सी मध्ये नव्हता, आणि पुढे १९७० पूर्वीच्या तारखा ऋण आकड्यांनी दाखवण्याची सोय अनेकांनी गृहीत धरली.

दोष २०३८ मध्येच दिसेल, हा समज मात्र चुकीचा आहे. प्रोग्रॅम भविष्यातील वेळ काढतो तेव्हा आकडा आजच ओलांडला जाऊ शकतो. याचे उत्तम उदाहरण एओएलसर्व्हर या वेबसर्व्हरचे आहे. डेटाबेसकडे केलेल्या विनंतीची मुदत कधीच संपू नये, असे सांगण्यासाठी त्यात वेगळी सोय नव्हती. त्याऐवजी १०० कोटी सेकंदांची, म्हणजे सुमारे पावणेबत्तीस वर्षांची, मुदत लिहिली जात असे. १३ मे २००६ रोजी, भारतीय वेळेनुसार पहाटे ६ वाजून ५७ मिनिटांनी, चालू वेळेचा आकडा ११४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४८ झाला. त्यात १०० कोटी मिळवल्यावर बेरीज मर्यादेच्या बरोबर एकने पुढे गेली आणि ऋण झाली. सर्व्हरच्या लेखी प्रत्येक विनंतीची मुदत कित्येक दशकांपूर्वीच संपलेली ठरली आणि तो कोसळू लागला. घड्याळ अचूक होते, आदल्या दिवशीपर्यंत सारे सुरळीत होते, प्रोग्रॅमची एक ओळही बदललेली नव्हती. त्यामुळे पाहणाऱ्याला कारण सुचणे कठीणच. मुदत लहान केल्यावर अडचण तात्पुरती मिटते. वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता काढणारा हिशेबही अशीच बेरीज करतो, आणि २०१८ च्या जानेवारीअखेरीपासून अशी प्रत्येक बेरीज या मर्यादेपलीकडे जाते.

६४ बिटांचा आकडा वापरला की प्रश्न अब्जावधी वर्षे पुढे जातो. ६४ बिटी लिनक्समध्ये वेळ पहिल्यापासून तशीच आहे. खरी अडचण ३२ बिटी यंत्रांची, म्हणजे राउटर, मीटर, कारखान्यांतील नियंत्रक अशा वर्षानुवर्षे न बदलल्या जाणाऱ्या उपकरणांची होती. तेथे आकडा रुंद करणे सोपे नसते, कारण जुन्या प्रोग्रॅमने वेळेसाठी चारच बाइट राखलेले असतात. नव्या लायब्ररीने तेथे आठ लिहिले तर शेजारची माहिती पुसली जाते. ओपनबीएसडी ही प्रणाली मूळ गाभ्यापासून प्रोग्रॅमपर्यंत एकत्रच बांधली जात असल्याने तिला २०१४ मध्ये एका फटक्यात बदल करता आला. लिनक्सला जुने प्रोग्रॅम चालू ठेवायचे होते, म्हणून प्रोग्रॅम ज्यांतून प्रणालीकडे वेळ मागतो त्या जुन्या आवाहनांशेजारी `clock_gettime64` सारखी नवी आवाहने उभी करावी लागली. आर्न्ड बर्गमन, दीपा दिनमणी आणि इतरांनी अनेक वर्षे केलेले हे काम मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीत मार्गी लागले. लिनक्सवरील सी भाषेची मूळ लायब्ररी असलेल्या ग्लिब्सीने त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, २०२१ मध्ये, ३२ बिटी प्रोग्रॅमना रुंद वेळेचा पर्याय दिला.

एवढे होऊनही प्रोग्रॅमच्या पोटातील चुका तशाच राहतात. `int now = time(NULL);` अशी ओळ ६४ बिटी यंत्रावरही आकड्याचा वरचा भाग कापून टाकते. साठवलेल्या माहितीलाही हेच लागू आहे: मायएसक्यूएल या डेटाबेसमधील `TIMESTAMP` प्रकारचा रकाना त्या मंगळवारच्या पुढची वेळ स्वीकारत नाही, आणि प्रत्येक फाइलची नोंद ठेवणारा आयनोड १२८ बाइटांचा ठेवून बनवलेल्या लिनक्सच्या जुन्या एक्स्ट फाइलप्रणालींत फाइलच्या तारखेला ३२ बिटच असतात. चाचणी यंत्राचे घड्याळ २०३८ वर लावून पाहिले की यांतील बरेच उघडे पडते, मात्र ते यंत्र बाकीच्या जाळ्यापासून तोडलेले हवे.

लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या प्रणालीने २०२४ मध्ये लायब्ररींची नावेच बदलून ३२ बिटी एआरएम प्रोसेसरसाठीचा मोठा भाग पुन्हा बांधला. `libssl3t64` या नावातले शेवटचे `t64` त्या बदलाची खूण आहे. इंटेलच्या जुन्या ३२ बिटी यंत्रांसाठीची आवृत्ती मात्र त्यांनी मुद्दाम वगळली, कारण तिचा आता मुख्य उपयोग जुने, पुन्हा न बांधता येणारे प्रोग्रॅम चालवणे हाच आहे, आणि त्या प्रोग्रॅमना चारच बाइट ठाऊक आहेत.