फक्त दोघे रिंगणाबाहेर

सोलापुरात पार्क स्टेडियमवर सामन्याआधी सकाळी फक्कीने रिंगण आखताना बघत उभं राहावं. मधल्या यष्टीपाशी दोरीचं एक टोक धरायचं, ९० फुटांवरचं दुसरं टोक अर्धवर्तुळात फिरवायचं. खेळपट्टीच्या दोन्ही बाजूंना हेच करून ती अर्धवर्तुळं सरळ रेषांनी जोडायची. फलंदाजी बदलली ती या पांढऱ्या रेषेने.

रेषा नव्हती तेव्हा कर्णधार हवे तेवढे क्षेत्ररक्षक सीमेवर पाठवत. १९७९ मध्ये सिडनीत वेस्ट इंडीजविरुद्ध शेवटच्या चेंडूला इंग्लंडच्या माइक ब्रेअर्लीने यष्टिरक्षकासकट सगळ्यांना सीमेवर उभं केलं. पुढच्या मोसमात ऑस्ट्रेलियातल्या एकदिवसीय सामन्यांत रिंगण आलं. १९९२ च्या विश्वचषकात पहिल्या १५ षटकांत रिंगणाबाहेर दोघांनाच परवानगी होती आणि न्यूझीलंडच्या मार्क ग्रेटबॅचने त्याचा फायदा उठवला.

तरी माझ्या मते खरा धडा दिला तो २ मार्च १९९६ च्या दिल्लीतल्या सामन्याने. सचिनच्या १३७ धावांवर भारताने २७१ केल्या होत्या. श्रीलंकेच्या जयसूर्या आणि कालुवितरणाने पहिल्या तीन षटकांतच ४२ धावा कुटल्या. मनोज प्रभाकरवर नंतर चक्क ऑफस्पिन टाकायची वेळ आली. त्याच्या चार षटकांत ४७ गेल्या. जयसूर्याने ७९ काढल्या, श्रीलंका जिंकली.

त्यांना दिसलं होतं ते साधं होतं. दोघेच बाहेर असले की कर्णधार बहुतेकदा त्यांना थर्ड मॅन आणि स्क्वेअर लेगच्या सीमेवर ठेवतो. मग मिड ऑफ, मिड ऑन, कव्हर आणि पॉइंट रिंगणातच राहतात. त्यांच्या डोक्यावरून चेंडू उचलला तर पलीकडे झेल घ्यायला कोणी नसतं. फटका पुरता बसला नाही तरी दोन धावा मिळतात. जमिनीलगत सुरेख मारलेला ड्राइव्ह मात्र थेट कव्हरच्या हातात जातो. ‘सुरुवातीला चेंडू खालून खेळ’ हा शिकवणीतला पहिला नियम इथे उलटा पडला.

पण नवा चेंडू स्विंग होत असेल तर हाच फटका महागात पडतो. बॅटची कड लागून चेंडू स्लिपमध्ये जातो, किंवा उंच उडून मिड ऑफच्याच हातात येतो. असे दोन गडी लागोपाठ गेले की समजावं, फलंदाज मैदान बघून खेळताहेत, चेंडू बघून नाही.

अशा निर्बंधांच्या षटकांना पॉवरप्ले हे नाव २००५ मध्ये मिळालं. मधल्या काळात त्याचे तुकडे झाले, एक तुकडा कधी घ्यायचा हे फलंदाजी करणारा संघही ठरवू लागला. २०१५ पासून ते सुटसुटीत झालं: पहिली १० षटकं दोघे बाहेर, ४० पर्यंत चार, शेवटी पाच. टी-२० मध्ये दोघांची अट पहिल्या ६ षटकांपुरतीच असते. म्हणूनच तिथे सलामीवीर पहिल्या चेंडूपासून मिड ऑफ कुठे उभा आहे ते बघतो. तो मागे सरकला, तर रिंगणाबाहेरचा दुसरा कुणीतरी आत आलेला असतो, आणि पुढचा फटका त्या मोकळ्या जागेकडे जातो.