फॉर्म 16 : पगारदाराचे वार्षिक कर-प्रमाणपत्र

फॉर्म 16 म्हणजे वर्षभरात पगारातून किती आयकर कापला आणि तो कोणत्या हिशेबाने कापला, हे सांगणारे प्रमाणपत्र. ते मालक कर्मचाऱ्याला देतो. आयकर कायदा, 1961 च्या कलम 192 नुसार पगार देतानाच कर कापावा लागतो आणि कलम 203 नुसार त्याचा दाखला द्यावा लागतो. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपले की 15 जूनपर्यंत हा दाखला हाती यायला हवा. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा, 2025 लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. खालचे उदाहरण 2024-25 या वर्षाचे आहे, म्हणून त्यातली कलमे आणि दर 1961 च्या कायद्याचे आहेत.

प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. भाग अ आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून निघतो. त्यात मालकाचा टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, दोघांचे पॅन आणि तिमाहीवार कापलेला व भरलेला कर असतो. भाग ब मध्ये पगारापासून करापर्यंतची आकडेमोड असते. वाचायला सुरुवात भाग ब पासून करावी. कर किती व्हायला हवा होता हे कळल्याशिवाय किती कापला या आकड्याला अर्थ येत नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यातील लेखापाल घेऊ. मूळ पगार महिना 50,000, घरभाडे भत्ता 12,000 आणि विशेष भत्ता 13,000 रुपये. वर्षाचे 9,00,000 झाले. बँकेच्या पासबुकात मात्र 7,81,300 रुपयेच जमा दिसतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. मधले 1,18,700 रुपये तीन ठिकाणी गेले आहेत : भविष्य निर्वाह निधीत 72,000, व्यवसाय करात 2,500 आणि आयकरात 44,200. हे तिन्ही पैसे आधी कमावलेले आहेत आणि मग कापलेले आहेत. त्यामुळे भाग ब ची पहिली ओळ, म्हणजे कलम 17(1) खालचा पगार, 9,00,000 हीच असते. मालकाने घर, गाडी अशी सोय दिली असेल तर तिचे मूल्य त्याखाली वेगळे येते. या लेखापालाच्या बाबतीत तिथे शून्य आहे.

त्यानंतर कलम 10 ची सूट येते. कायदा पगाराचा काही भाग उत्पन्नात धरतच नाही, तो इथे बाहेर पडतो. घरभाडे भत्ता इथला मुख्य घटक. मिळालेला सगळा भत्ता करमुक्त असतो हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. तीन रकमा काढायच्या आणि त्यांतली सर्वांत लहान तेवढी सूट मिळते. आपला लेखापाल जुळे सोलापुरात महिना 10,000 रुपये भाड्याने राहतो. पहिली रक्कम मिळालेला भत्ता, 1,44,000. दुसरी रक्कम भरलेल्या भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा वजा करून, म्हणजे 1,20,000 वजा 60,000, उरले 60,000. तिसरी रक्कम पगाराचे 40 टक्के, 2,40,000. या वर्षाच्या नियमांत 50 टक्क्यांचा दर मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना होता. सोलापूरला 40 टक्केच. पण सोलापूरच्या भाड्यांच्या पातळीवर ही तिसरी रक्कम सहसा आड येत नाही, अडवते ती दुसरी. इथेही सूट 60,000 रुपयेच मिळाली आणि भत्त्याचे 84,000 रुपये करपात्र राहिले. या हिशेबात पगार म्हणजे मूळ पगार. सेवाशर्तींनुसार महागाई भत्ता निवृत्तीच्या लाभांसाठी धरला जात असेल तर तोही मिळवायचा.

वार्षिक भाडे एक लाखाच्या वर असल्याने मालकाला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तो दिला नाही तर सूट नाकारली जाऊ शकते. या ओळीत शून्य दिसले, तर आधी वर्षाच्या सुरुवातीला कोणती करपद्धत कळवली होती ते पाहावे. काहीच कळवले नसेल तर नवी पद्धत धरली जाते आणि तिच्यात घरभाड्याची सूट नसते.

ही सूट वजा जाऊन 8,40,000 उरले. कलम 16 खाली प्रमाणित वजावट 50,000 आणि व्यवसाय कर 2,500 गेले, पगाराचे उत्पन्न 7,87,500 झाले. मग गुंतवणूक आणि खर्चाच्या वजावटी : 80सी खाली भविष्य निर्वाह निधीचे 72,000 आणि आयुर्विम्याचा हप्ता 48,000, तर 80डी खाली आरोग्य विम्याचा हप्ता 17,500. करपात्र उत्पन्न 6,50,000 आले. भविष्य निर्वाह निधीचे 72,000 पगारपत्रकातही कापलेले दिसतात आणि इथेही दिसतात, पण ते दोनदा गेलेले नाहीत. तिथे पैसे स्वतःच्याच खात्यात गेले, इथे त्यांच्यामुळे करपात्र उत्पन्न कमी झाले. कापलेल्या आयकराचे तसे नाही. ते 44,200 रुपये उत्पन्नातून कुठेच वजा होत नाहीत. ते शेवटी, आलेल्या करातून वजा होतात. विवरणपत्र स्वतः भरणाऱ्यांनी ही सीमारेषा पक्की लक्षात ठेवावी.

6,50,000 वर जुन्या पद्धतीने कर 42,500 आणि त्यावर 4 टक्के उपकर 1,700, एकूण 44,200. कापलेला करही तेवढाच. बहुतेक जण इथे कागद मिटतात, आणि या लेखापालाचे नुकसान नेमके इथेच होते. नवी पद्धत घेतली तर घरभाडे, 80सी, 80डी, व्यवसाय कर, सगळे सोडून द्यावे लागते. पण त्या वर्षी तिच्यात प्रमाणित वजावट 75,000 होती. उत्पन्न 8,25,000, कर 32,500, उपकरासह 33,800. म्हणजे 10,400 रुपये कमी. मालकाला कळवलेली पद्धत फक्त कर कापण्यापुरती असते. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला विवरणपत्र भरताना दुसरी पद्धत निवडता येते, आणि हे 10,400 परतावा म्हणून मिळतात. उलट बाजूने, नव्यातून जुन्या पद्धतीत यायचे असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते.

आता भाग अ. तिथे चार तिमाह्यांत 11,000, 11,000, 11,000 आणि 11,200 दिसायला हवेत. भरण्याच्या तपशिलात प्रत्येक चलनापुढे जुळणीचे अक्षर असते : F म्हणजे जुळले, U म्हणजे जुळले नाही. हेच आकडे आयकर संकेतस्थळावरील फॉर्म 26एएस शी ताडून पाहावेत, कारण विवरणपत्रातला करही तिथल्या नोंदीशीच जुळवला जातो. तिथे 33,000 च दिसले तर चौथी तिमाही अडली आहे. एक तर मालकाने कर भरलेला नाही, किंवा 24क्यू या तिमाही विवरणात पॅन वा रक्कम चुकली आहे. दुसऱ्या बाबतीत मालकाने दुरुस्ती विवरण दाखल केले की नोंद येते. मालकाने पैसे भरलेच नसतील तर कलम 205 चे संरक्षण आहे : पगारातून कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही. पण कापल्याचा पुरावा त्याच्याकडे हवा. म्हणून जानेवारी ते मार्चची पगारपत्रके आणि त्याच महिन्यांचे बँकेचे उतारे फॉर्म 16 सोबतच ठेवावेत.

वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन फॉर्म 16 येतात. आधीचा पगार नव्या मालकाला कळवला नसेल, तर दोघेही प्रमाणित वजावट आणि करमुक्त मर्यादा स्वतंत्रपणे देतात. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असतात, पण एकत्र बेरीज केली की कर कमी कापलेला निघतो. तो फरक विवरणपत्र भरण्यापूर्वी स्वतः भरावा लागतो.