भाव चढला, पण माल किती उचलला?

शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यात चार-दोन गूळरव्यांना चढा भाव लागला, म्हणून गुळाला तेजी आली असं कोणी मानत नाही. त्या भावाला किती माल उचलला, हे आधी विचारतात. शेअर घेताना मात्र हाच माणूस नुसता भाव बघतो. मनी फ्लो इंडेक्स म्हणजे एमएफआय हा निर्देशांक भावाला उलाढालीची जोड देतो.

रोजचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची सरासरी काढायची. तिला त्या दिवशी व्यवहार झालेल्या शेअरच्या संख्येने गुणायचं. सरासरी कालच्यापेक्षा वर असेल तर ती रक्कम जमेला, खाली असेल तर नावे. जमेची बेरीज भागिले दोन्ही बेरजांची एकूण, गुणिले १००. झाला एमएफआय. प्रत्यक्षात १४ दिवस धरतात. इथे हिशेब दिसावा म्हणून चारच घेऊ.

समजा सरासरी भाव १०० होता. पुढचे चार दिवस तो १०२, १०१, १०४, १०६ झाला आणि शेअर ५०, २०, ५० व ४० हजार फिरले. जमेला १४५.४ लाख, नावे २०.२ लाख, एमएफआय ८८. नंतरच्या चार दिवसांत भाव १०४, १०५, १०७, ११० आणि शेअर ५०, २०, १० व १० हजार. भावाने नवा उच्चांक केला, पण जमेला ४२.७ लाख आणि नावे ५२ लाख. एमएफआय ४५!

फक्त भावातला फरक मोजणारा आरएसआय याच चार दिवसांना, साध्या सरासरीने, ७५ दाखवतो. म्हणजे त्याच्या लेखी खरेदी जोरात. पडलेल्या एका दिवशी ५० हजार शेअर विकले गेले आणि चढलेल्या तीन दिवसांत मिळून ४० हजारच फिरले, हे त्याला दिसतच नाही. भाव वर आणि एमएफआय खाली, या फारकतीला डायव्हर्जन्स म्हणतात. एमएफआय ८०च्या वर गेला की खरेदी अती झाली असं मानतात; त्या नुसत्या ८०च्या रेषेपेक्षा मला ही फारकतच जास्त कामाची वाटते. 'ऐंशी ओलांडलं, विका' असे मेसेज फिरवणाऱ्यांना हे कोण सांगणार? दमदार तेजीत एमएफआय ८०च्या वर बरेच दिवस टिकू शकतो.

नावातला 'फ्लो' शब्दशः घेऊ नये. प्रत्येक सौद्यात घेणारा असतो तसा विकणाराही असतोच. शिवाय सरासरी पाच पैशांनी वर गेली तरी अख्ख्या दिवसाची रक्कम जमेला पडते. १४ दिवसांपूर्वीचा एखादा मोठा दिवस हिशेबातून गळला की आज काही न घडताही आकडा उडी मारतो, म्हणून गळलेला दिवसही पाहावा.

शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या भाववाढीच्या कमाल मर्यादेला, अडकला तर विकणाराच नसतो. उलाढाल आटते, एमएफआय मरगळलेला दिसू शकतो आणि घेणाऱ्यांची रांग मात्र लागलेली असते. उलट, उलाढाल फुगलेली असली तरी त्यात सकाळी घेऊन दुपारी विकलेला मालही धरलेला असतो. खरी उचल किती, ते एक्स्चेंजच्या रोजच्या डिलिव्हरीच्या आकड्यात कळतं.