मशीन तापली की रॅम संपली?

"सर, माही मशीन हँग झाली." आठवीच्या तासाला हे वाक्य निदान तीनदा ऐकू येतं. पोरं सगळ्यालाच हँग म्हणतात, पण जुन्या मशीनच्या बाबतीत हँगचे दोन वेगळे प्रकार असतात आणि पडद्यावर ते अगदी सारखे दिसतात. माउस अडखळतो, सिम्युलेशन झटके देतं. एकात प्रोसेसर तापलेला असतो, दुसऱ्यात रॅम संपलेली असते. मी एकदा तापलेल्या मशीनसाठी बर्डीच्या बाजारातून रॅम आणून टाकली. मशीन तशीच रखडत राहिली आणि पैसे मात्र गेले.

आमच्या लॅबमधल्या 7 आणि 14 नंबरच्या मशीन म्हणजे जुळ्या बहिणी. दोघींत आय-थ्री 2120 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क आणि विंडोज 10. एका तासाला दोन्हीवर PhET या वेबसाइटवरचं वायूंच्या गुणधर्मांचं सिम्युलेशन लावलं होतं, पंपाने डब्यात कण भरायचं. 14 नंबर सुरुवातीपासूनच रडत होती. 7 नंबर मात्र पंधरा मिनिटं मस्त चालली आणि मग कण रांगत असल्यासारखे हलू लागले.

पहिली खूण इथेच मिळते. रॅमचा त्रास काहीतरी उघडलं की लगेच होतो, दुसरा टॅब किंवा पेंट उघडला की वाढतो आणि ते बंद केलं की हळूहळू कमी होतो. तापण्याचा त्रास वेळ गेल्यावर येतो. टॅब बंद करून फरक पडत नाही, मशीन दहा मिनिटं बंद ठेवली की पडतो. कॅबिनेटचा लाल दिवाही बघा. रॅम संपली की विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर टाकत-उचलत राहतं, त्यामुळे दिवा लुकलुकायचं सोडून सलग जळतो. तापलेल्या मशीनमध्ये दिवा शांत असतो आणि पंखा मात्र ओरडत असतो.

खात्री करायला मशीन रखडत असतानाच `Ctrl+Shift+Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडा. 14 नंबरवर मेमरी 93 टक्के, डिस्क 100 टक्के आणि सीपीयू जेमतेम 20 टक्के होता, म्हणजे प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसलेला. 7 नंबरवर मेमरी 55 टक्के, सीपीयू 95 टक्के आणि Performance मध्ये Speed फक्त 1.6 गिगाहर्ट्झ. या प्रोसेसरचा मूळ वेग 3.3 आहे. जळू नये म्हणून त्याने स्वतःच वेग निम्म्यावर आणला होता.

इथे एक चकवा आहे. रिकाम्या बसलेल्या मशीनचा वेगही वीज वाचवायला खाली येतो, तो दोष नव्हे. सीपीयू भरलेला असताना वेग कमी दिसला तरच संशय घ्या, आणि त्याआधी पॉवर प्लॅन Power saver वर नाही ना ते बघा. तसंच मेमरी निम्मी रिकामी असून डिस्क 100 टक्के असेल तर बहुधा विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरस चालू असतो. तिथे रॅम घेऊ नका, तास संपू द्या.

14 नंबरला 4 जीबीची आणखी एक डीडीआर-3 स्टिक लावली. पैसे मंजूर होईपर्यंत स्टार्टअपमधले प्रोग्राम बंद ठेवले आणि एकच टॅब उघडायचा नियम केला.

7 नंबर उघडली तर प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर धुळीची गादीच बसलेली. कूलर थेट तिच्या तोंडावर होता. नागपुरी उन्हाळ्यात कूलर हवाच, पण ओलसर वाऱ्याने आत गेलेली धूळ चिकटून बसते. वायर काढून, बाहेर व्हरांड्यात नेऊन ब्लोअर मारला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मसुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. हीटसिंक बसवताना चारही पिनांचा 'टक' ऐकू यायला हवा. तीनच बसल्या तर एक कोपरा उचललेला राहतो आणि साफ केलेली मशीन आधीपेक्षा जास्त तापते.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधीच्या आठवड्यात मी ही साफसफाई उरकतो. मार्चमध्ये ऊन चढायला लागलं की प्रत्येक मशीनवर वीस मिनिटं सिम्युलेशन चालवून मेमरी आणि वेग असे दोन आकडे रजिस्टरमध्ये लिहितो.

दोन्ही आकडे ठीक असूनही झटके बसत असतील तर क्रोममध्ये `chrome://gpu` उघडा. WebGL समोर Software only दिसलं तर ग्राफिक्सचं कामही बिचाऱ्या प्रोसेसरवरच पडलंय. बहुतेकदा सेटिंग्जच्या System मध्ये कुणा पोराने ग्राफिक्स अॅक्सिलरेशन बंद केलेलं असतं.