घसाऱ्याने नफा कमी होतो, बँकेतली रक्कम का नाही?

(आमच्याकडे हिशेब सोपवणाऱ्या मुंबईतल्या कंपन्यांच्या नव्या संचालकांसाठी, एका वित्त व्यवस्थापकाच्या पत्राच्या रूपात.)

आदरणीय संचालक महोदया,

2024-25 मध्ये कंपनीचा करपूर्व नफा 4.10 लाख, पण कर भरण्याआधी बँकेतली शिल्लक 6 लाखांनी वाढलेली. मधले 1.90 लाख कुठून आले, असं आपण विचारलंत. ते कुठूनही आले नाहीत. ते गेलेच नव्हते.

मरोळच्या कारखान्यातलं बॉक्स बनवण्याचं मशीन आपण 1 एप्रिल 2023 ला 30 लाखांना घेतलं आणि पूर्ण रक्कम त्याच दिवशी चुकती केली. रोख तेव्हाच गेली. पण मशीन अनेक वर्षं चालणार, म्हणून सगळा खर्च एकाच वर्षाच्या माथी मारला जात नाही. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात एका पाळीत चालणाऱ्या साधारण मशिनरीचं आयुष्य 15 वर्षं धरलं आहे. शेवटी भंगारातून 5%, म्हणजे दीड लाख येतील असं धरलं, तर उरलेले 28.50 लाख 15 वर्षांत वाटले जातात. वर्षाला 1.90 लाख. हाच घसारा.

2024-25 मध्ये विक्रीचे 50 लाख आले, माल, पगार, वीज यांवर 44 लाख गेले. सगळे व्यवहार रोखीचे धरू. हातात 6 लाख राहिले. मग आम्ही वहीत एक नोंद केली: घसारा 1.90 लाख, आणि तेवढीच मशीनची पुस्तकी किंमत कमी. या नोंदीत बँक खातं कुठेच नाही. म्हणूनच रोख प्रवाह पत्रकात नफ्यापासून सुरुवात करून घसारा परत मिळवतात.

इथे एक गैरसमज मला फार खटकतो: घसारा परत मिळवला म्हणजे त्यातून पैसे आले. तसं नाही. आधी वजा केलेला आकडा फक्त पूर्ववत केला जातो. घसारा दुप्पट धरला तर नफा आणखी उतरेल, बँकेत एक रुपयाही वाढणार नाही.

करही त्यामुळे वाचणार नाही, कारण आयकर खातं आपला घसारा वेगळा मोजतं: अशा मशीनवर घटत्या शिलकीवर 15%. पहिल्या वर्षी 4.50 लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या 25.50 लाखांवर 3,82,500. कराच्या रोखीवर परिणाम होतो तो या आकड्याचा, वहीतल्या 1.90 लाखांचा नाही.

उलटी बाजूही पाहावी. 2023-24 मध्येही विक्री आणि खर्च एवढेच होते. नफा 4.10 लाख दिसला, बँकेतून मात्र निव्वळ 24 लाख कमी झाले, कारण 6 लाख आले आणि 30 लाख मशीनला गेले. तेव्हा नफ्याचा आकडा पाहून लाभांश ठरवला असता, तर पगाराला पैसे कमी पडले असते.

शिवाय घसाऱ्यामुळे नवं मशीन घ्यायचा निधी आपोआप साठत नाही. तो पैसा कच्च्या मालात किंवा ग्राहकांच्या उधारीत अडकलेला असू शकतो. दरवर्षी 1.90 लाख वेगळ्या मुदत ठेवीत टाकायचे का, हा विषय पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत घ्यावा, अशी विनंती.

आपला,
वित्त व्यवस्थापक