सावलीच्या चौकटी मोजताना

‘गेमच्या सेटिंगची ही दोनशे ओळींची फाइल टाका, एफपीएस दुप्पट’ असं सांगणारे व्हिडिओ पाहिले की मला ताईत विकणारे बाबा आठवतात. ओळीतलं सेटिंगचं नाव चुकीचं असलं तरी अनरिअल इंजिन सहसा तक्रार करत नाही, गुपचूप पुढे जातं. फरक पडल्याचा भास मात्र आपल्याला होतो. म्हणून सावलीची एकच ओळ घेऊ.

अनरिअल इंजिन ४ वर बनलेल्या बऱ्याच गेमची फाइल विंडोजमध्ये इथे सापडते (फोल्डरला कधी कधी गेमचं नाव नसून प्रकल्पाचं टोपणनाव असतं):

```
%LOCALAPPDATA%\<Game>\Saved\Config\WindowsNoEditor\Engine.ini
```

गेम पूर्ण बंद करा. बंद होताना तो स्वतःही सेटिंगच्या फाइल लिहितो, त्यामुळे चालू गेममागे केलेला बदल पुसला जाऊ शकतो. मग `Engine.ini` ची प्रत दुसऱ्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ फाइलच्या शेवटी हे लिहा:

```
[SystemSettings]
r.Shadow.MaxCSMResolution=256
```

२५६ कशाला? सावली रंगवण्यासाठी इंजिन आधी सूर्याच्या जागेवरून दृश्य पाहतं आणि प्रत्येक ठिपक्यापाशी प्रकाशाला पहिला अडथळा किती अंतरावर लागला, ते एका चौकोनी नकाशात नोंदवतं. त्या अडथळ्यापलीकडचं सगळं सावलीत. वरचा आकडा म्हणजे या नकाशाची बाजू किती ठिपक्यांची असू शकते, त्याची कमाल मर्यादा. ती २५६ वर आणली की एकेक ठिपका जमिनीचा मोठा तुकडा झाकतो, आणि झाडाच्या सावलीची कड जिन्यासारखी दिसते किंवा पसरट होते. असं दिसलं तर फाइल वाचली जाते आहे, हे सिद्ध झालं. काहीच बदललं नाही तर ती ओळ काढून टाका: कदाचित तो गेम सावल्या वेगळ्या पद्धतीने काढतो.

आता ४०९६ करून पाहा. २०४८ च्या तुलनेत बाजू दुप्पट, पण ठिपके चौपट: सुमारे ४२ लाखांचे १ कोटी ६८ लाख. शिवाय जवळच्या आणि दूरच्या जमिनीसाठी असे नकाशे एकाहून अधिक असतात, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीवर या नकाशांचा भारही तितक्याच पटीने वाढतो.

चाचणी एकाच सेव्हवरून, एकाच जागी, कॅमेरा त्याच दिशेला ठेवून करा. मोजायची ती एका फ्रेमला लागणारी वेळ. साठ एफपीएससाठी ती १६.७ मिलिसेकंद असते. १४ ची १५ झाली तर चालेल, १६ ची १८ झाली तर गेम अडखळेल. पाच-दहा मिनिटं हिंडूनही पाहा, कारण मेमरी अपुरी पडली की धक्के उशिरा सुरू होतात.

एक गंमत लक्षात ठेवा. `[SystemSettings]` या विभागातल्या आकड्याचा अग्रक्रम मेन्यूतल्या गुणवत्ता-पातळीहून वरचा असतो. त्यामुळे नंतर मेन्यूत सावली ‘लो’ केली तरी हा आकडा हलत नाही, आणि लोक बग म्हणून ओरडतात.

बिघडलं तर जपलेली प्रत परत ठेवा. प्रतही हरवली असेल तर फाइल काढून टाकली तरी चालतं, बहुतेक गेम पुढच्या वेळी ती नव्याने तयार करतात. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये मात्र आधी नियम वाचा: काही ठिकाणी असा बदल फसवणुकीत मोजला जातो, आणि बंद झालेल्या खात्याची प्रत कुठल्याच फोल्डरमध्ये नसते.